‘मुळे’ या शब्दाचा मोह

मराठीत ‘मुळे’ हे एक फार सोयीचे शब्दयोगी अव्यय आहे. पावसामुळे गाडी उशिरा आली, तापामुळे मुलगा शाळेत गेला नाही, अशा वाक्यांत ते आपले काम चोख बजावते, कारण पाऊस आणि ताप दोन्ही आपण पाहिलेले असतात. पण हेच अव्यय रोज संध्याकाळी शेअर बाजाराच्या बातमीत येऊन बसते तेव्हा त्याच्यामागे पाहिलेले असे काहीच नसते. ‘नफावसुलीमुळे सेन्सेक्स ३०० अंशांनी घसरला’, ‘जागतिक बाजारांतील सकारात्मक संकेतांमुळे निफ्टी वधारला’, ‘विदेशी गुंतवणूकदारांच्या विक्रीमुळे बाजारात पडझड’ ही वाक्ये इतकी ओळखीची झाली आहेत की त्यांत एक दावा केलेला आहे, हेही आपल्या लक्षात येत नाही. दावा असा की लक्षावधी लोकांनी दिवसभरात केलेल्या खरेदी-विक्रीमागचे कारण वार्ताहराला बाजार बंद झाल्यानंतर तासाभरात कळले, आणि ते एकच होते.

हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न असता तर या स्तंभात त्याला जागा नव्हती. देशातील डिमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली आणि २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत ती १५ कोटींच्या पलीकडे पोहोचली. एका माणसाची अनेक खाती असू शकतात, हे मान्य केले तरी बाजाराची बातमी आता दलाल आणि सटोडिये यांच्यापुरती राहिलेली नाही, हे स्पष्ट आहे. याच काळात ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वायदे व विकल्प व्यवहारांत उतरलेल्या दर दहा व्यक्तींपैकी नऊहून अधिक जणांना तीन वर्षांत तोटा झाला आणि हा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. या तोट्याचे खापर वर्तमानपत्रांवर फोडता येणार नाही. पण कालच्या चढ-उताराचे कारण रोज इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जात असेल, तर उद्याच्या चढ-उताराचे कारणही आजच ओळखता येईल असे वाचकाला वाटू लागले तर नवल नाही. दुसरे असे की, आपल्याकडे आता सरकारी धोरणांवरचा निकालही निर्देशांकाकडूनच मागितला जातो. अर्थसंकल्प चांगला की वाईट, हे संध्याकाळी सेन्सेक्स सांगतो. म्हणून बाजाराच्या दैनंदिन वृत्तांतातले कार्यकारण हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे.

हा वृत्तांत तयार कसा होतो, ते आधी पाहू. साडेतीन वाजता व्यवहार थांबतात. निर्देशांकाचा बंद भाव, सर्वाधिक वधारलेले आणि घसरलेले समभाग, रुपयाचा व खनिज तेलाचा भाव हे सारे काही मिनिटांत समोर येते. हा भाग मोजलेला असतो आणि त्यात वादाला जागा नसते. त्यानंतर वार्ताहर दोन-तीन दलाली पेढ्यांच्या विश्लेषकांकडे विचारणा करतो, किंवा त्यांची तयार टिप्पणी त्याच्याकडे येऊन पडलेलीच असते. ‘आज बाजार का पडला?’ या प्रश्नाला ‘मला माहीत नाही’ असे उत्तर देणाऱ्या विश्लेषकाला दुसऱ्या दिवशी कोणी विचारणार नाही. त्यामुळे उत्तर नेहमीच मिळते. त्या दिवशीच्या ठळक बातम्यांतून जी निर्देशांकाच्या दिशेशी जुळेल ती उचलली जाते आणि तिला ‘मुळे’ जोडले जाते. बाजार वर गेला असता तर त्याच बातम्यांच्या ढिगातून दुसरी निघाली असती. रिझर्व्ह बँकेने व्याजदर जैसे थे ठेवले आणि बाजार चढला, तर ‘स्थैर्याचे स्वागत’. बाजार उतरला, तर ‘कपात न झाल्याने निराशा’. जे स्पष्टीकरण दोन्ही दिशांना सारखेच लागू पडते, त्याने कशाचेच स्पष्टीकरण होत नाही, एवढी साधी कसोटीही या घाईत लावली जात नाही.

उदाहरणासाठी मी माझ्याच शहराशी जोडलेला एक दिवस घेतो. सोमवार, १७ एप्रिल २०२३. बेंगळुरूच्या इन्फोसिसने त्याआधीच्या गुरुवारी, १३ एप्रिलला, बाजार बंद झाल्यावर आपले तिमाही निकाल जाहीर केले होते. शुक्रवारी डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार. त्यामुळे त्या निकालांवर आपल्या बाजाराला बोलण्याची पहिली संधी सोमवारी सकाळी सव्वानऊला मिळाली. निकालांत कंपनीने २०२३-२४ या वर्षासाठी महसूलवाढीचा अंदाज ४ ते ७ टक्के इतकाच दिला होता. संध्याकाळी सेन्सेक्स ५२०.२५ अंशांनी खाली, ५९,९१०.७५ वर बंद झाला आणि सलग नऊ सत्रांची वाढ खंडित झाली. इन्फोसिसचा समभाग ९ टक्क्यांहून अधिक घसरला होता. दुसऱ्या दिवशीचे मथळे सहज सुचण्याजोगे होते: इन्फोसिसमुळे बाजार कोसळला.

एकच कारण सांगण्यासाठी याहून चांगला दिवस सापडणे कठीण, असे वाटेल. म्हणूनच तो तपासण्यासारखा आहे.

सुरुवात अंकगणितापासून करू. सेन्सेक्स हा ३० कंपन्यांचा भारित निर्देशांक आहे. प्रत्येक कंपनीचे वजन, तिच्या समभागातील टक्केवारीचा बदल आणि निर्देशांकाची आदल्या दिवसाची पातळी या तिन्हींचा गुणाकार केला की त्या कंपनीने निर्देशांक किती अंशांनी हलवला ते निघते. इन्फोसिसचे वजन त्या वेळी सात ते आठ टक्क्यांच्या दरम्यान धरू. आदल्या सत्राचा बंद भाव ६०,४३१ होता. समभाग सव्वानऊ-साडेनऊ टक्क्यांनी पडला. गुणाकार केला तर ४०० ते ४५० अंश निघतात. म्हणजे ५२० पैकी बहुतेक अंश एका कंपनीच्या खात्यावर जमा होतात, आणि माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील इतर मोठ्या कंपन्याही त्या दिवशी पडल्या होत्या. हे कोणाचे मत नाही, तो हिशेब आहे. तो वार्ताहराला कोणालाही न विचारता मांडता येतो, आणि वाचक तो स्वतः पडताळू शकतो.

पण या हिशेबाचा अर्थ काय होतो? ‘इन्फोसिसमुळे बाजार कोसळला’ असा तर नाहीच. उलट, बाजार कोसळला नव्हता असा होतो. त्याच दिवशी बँक समभागांचा निर्देशांक किंचित वर बंद झाला. एका क्षेत्रातले समभाग पडले, ते क्षेत्र निर्देशांकात जड आहे म्हणून निर्देशांक खाली आला, आणि उरलेला बाजार जवळपास जागच्या जागी होता. मल्लेश्वरममध्ये, जिथे मी राहतो, निवृत्तांच्या घरांत इन्फोसिसचे जुने समभाग असणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. पण त्याच घरांत बँकांचे समभाग आणि म्युच्युअल फंडही असतात. सकाळी फिरायला येणाऱ्या एका शेजाऱ्यांनी त्या मंगळवारी मला विचारले होते की बाजारच कोसळला असेल तर बँकांच्या फंडातले पैसे काढून घ्यावेत का. त्यांच्या हातातल्या बातमीत ५२० हा आकडा होता, कारणही होते, पण बँका वर गेल्या हे शेवटच्या परिच्छेदात गेले होते. त्यांच्या निर्णयासाठी आवश्यक तेवढीच माहिती मागे पडली होती, कारण मथळ्याला एक बाजार आणि एक कारण हवे होते.

आता एक पायरी पुढे जाऊ. इन्फोसिसचा समभाग निकालांमुळे पडला, एवढे तरी म्हणता येईल ना? येथे ‘मुळे’ बऱ्यापैकी टिकते. बातमी नवी होती, अपेक्षेहून वाईट होती, आणि ती जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्याच सत्रात समभाग पडला. पण किती पडला, हे मात्र त्या बातमीत लिहिलेले नव्हते. सकाळी हा समभाग एका टप्प्यावर सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली गेला होता. बंद होताना घसरण ९ टक्क्यांवर आली. सेन्सेक्सही दिवसभरात जवळपास हजार अंशांनी खाली जाऊन अर्धे अंतर परत चढला. सव्वानऊ आणि साडेतीन यांच्या दरम्यान निकालांतील एकही आकडा बदलला नव्हता. बदलले ते त्या आकड्यांना किती किंमत द्यायची याविषयीचे लोकांचे मत. म्हणजे निकालांनी दिशा सांगितली असे म्हणता येते. परिमाण मात्र खरेदीदार आणि विक्रेते यांच्यातल्या दिवसभराच्या घासाघिशीतून ठरले, आणि त्या घासाघिशीचे एकच कारण कोणालाही सांगता येणार नाही. वृत्तांत लिहिणाऱ्याने ही सीमारेषा ओळखावी: बातमीने काय सुरू केले हे सांगणे एक, आणि भाव नेमका तिथेच का थांबला हे सांगणे दुसरे.

या दिवसाकडे पाहण्याची आणखी एक पट्टी आहे, आणि दैनंदिन वृत्तांतात मला सर्वात जास्त तिची उणीव भासते. राष्ट्रीय शेअर बाजार ‘इंडिया व्हिक्स’ नावाचा अस्थिरता निर्देशांक प्रसिद्ध करतो. निफ्टीच्या विकल्पांच्या भावांतून तो काढला जातो आणि येत्या ३० दिवसांत बाजार किती हलेल असे व्यवहार करणाऱ्यांना वाटते, ते तो वार्षिक टक्केवारीत सांगतो. वर्षात व्यवहाराचे सुमारे २५० दिवस असतात आणि २५० चे वर्गमूळ जवळपास १६ येते. म्हणून व्हिक्सच्या आकड्याला १६ ने भागले की एका दिवसाच्या सर्वसाधारण हालचालीची पट्टी मिळते. एप्रिल २०२३ च्या मध्यास व्हिक्स १२ च्या आसपास होता. १२ भागिले १६ म्हणजे पाऊण टक्का. साठ हजारांच्या सेन्सेक्सवर पाऊण टक्का म्हणजे साधारण ४५० अंश. याचा अर्थ, काहीही विशेष घडलेले नसतानाही सेन्सेक्स दिवसाला ४५० अंश वर किंवा खाली जाणे हे त्या काळात सामान्य होते. ५२० अंशांची ती ‘पडझड’ त्या पट्टीहून थोडीशीच मोठी होती.

ही पट्टी ढोबळ आहे. विकल्पांचे भाव विमाहप्त्यासारखे थोडे चढेच असतात, त्यामुळे व्हिक्स प्रत्यक्ष हालचालीपेक्षा बहुधा जरा जास्त सांगतो. आणि बाजारात मोठ्या हालचाली साध्या गणिताने सुचवल्याहून अधिक वेळा घडतात. तरीही मथळा लिहिण्याआधी एवढा भागाकार केला तर अर्ध्याहून अधिक दिवस कारणाचा शोधच अनावश्यक ठरेल. ८०,००० च्या सेन्सेक्समध्ये २०० अंशांचा बदल म्हणजे पाव टक्का. अशा बदलाला कारण विचारणे म्हणजे चाळणीतून पडणाऱ्या पिठाच्या प्रत्येक कणाची जबानी घेण्यासारखे आहे. आणि नेमके अशाच दिवशी वृत्तांतात ‘नफावसुली’ अवतरते. हा शब्द कारण म्हणून वापरला जातो, पण तो तपासलेला नसतो. विकणाऱ्यांनी नफ्यात विकले की तोट्यात, हे वार्ताहराला माहीत नसते. आणि त्या प्रत्येक विक्रीसमोर त्याच भावाला तितकेच समभाग घेणारा एक खरेदीदार उभा होता, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

खरेदीदाराचा हा विसर विदेशी गुंतवणूकदारांच्या बाबतीत सर्वात ठळक दिसतो. रोज संध्याकाळी विदेशी आणि देशांतर्गत संस्थांच्या निव्वळ खरेदी-विक्रीचे तात्पुरते आकडे प्रसिद्ध होतात. ते वृत्तांताचा आवश्यक भाग आहेत यात शंका नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये विदेशी संस्थांनी या आकड्यांनुसार एक लाख कोटी रुपयांहून अधिक निव्वळ विक्री केली आणि निफ्टी सुमारे ६ टक्क्यांनी घसरला. पण त्याच महिन्यात देशांतर्गत संस्थांनीही एक लाख कोटींहून अधिक निव्वळ खरेदी केली. मग भाव का पडले? विकणारा पक्ष अधिक उतावीळ होता आणि घेणारा पक्ष कमी भावातच घ्यायला तयार होता, असे अनुमान काढता येते, आणि तो महिना पाहता ते वाजवीही आहे. परंतु एप्रिल २०२४ मध्ये विदेशी गुंतवणूकदार निव्वळ विक्रेतेच होते आणि निफ्टी एका टक्क्याहून अधिक वधारला होता. म्हणजे ‘विदेशी विक्री, म्हणून घसरण’ हा नियम नाही. तो एक आकडा आहे, आणि तो आकडा म्हणूनच दिला पाहिजे. शिवाय भाव पडू लागले म्हणून विक्री झाली की विक्री झाली म्हणून भाव पडले, हे दिवसाअखेरच्या एका बेरजेवरून कधीच कळत नाही.

मग एकच कारण कधीच सांगू नये काय? तसे म्हणणे हीसुद्धा एक प्रकारची पळवाट होईल. ४ जून २०२४ चा दिवस घ्या. लोकसभेची मतमोजणी चालू होती. सेन्सेक्स ४,३८९.७३ अंशांनी, म्हणजे ५.७४ टक्क्यांनी कोसळला आणि ७२,०७९.०५ वर बंद झाला. व्हिक्स आदल्या दिवशी २१ च्या आसपास होता. १६ ने भागले तर सामान्य हालचाल सव्वा टक्क्याच्या थोडी पुढे येते. प्रत्यक्ष घसरण तिच्या चौपटीहून जास्त होती. वेळही जुळत होती: सत्ताधारी पक्षाला स्वबळावर बहुमत मिळणार नाही हे मोजणीतून जसजसे स्पष्ट होत गेले, तसतसा निर्देशांक खाली गेला. समभागांचा नकाशाही बोलका होता. सरकारी खर्चावर आणि सरकारी मालकीवर ज्यांचे भवितव्य अवलंबून समजले जाते असे समभाग सर्वाधिक आपटले, आणि साबण-बिस्किटे विकणाऱ्या कंपन्यांपैकी काही त्याच दिवशी वधारल्या. आकार, वेळ आणि नकाशा या तिन्ही साक्षी एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तर वार्ताहराने निःसंकोचपणे कारण लिहावे.

पण तेही नेमके लिहावे. आदल्या दिवशी, ३ जूनला, मतदानोत्तर चाचण्यांच्या भाकितांनंतर सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला होता. म्हणून ४ जूनचे कारण ‘निवडणुकीचा निकाल’ हे नव्हे, तर निकाल आणि अपेक्षा यांच्यातले अंतर हे होते. तोच निकाल आधीपासून अपेक्षित असता तर कदाचित बाजार हललाही नसता. आणि ५ जूनला, निकालात तसूभरही बदल नसताना, सेन्सेक्स २,३०३ अंशांनी वर गेला. इतक्या स्पष्ट कारणाचा दिवससुद्धा चोवीस तासांत असा अर्धा पुसला जातो.

आता अर्थसंकल्पाकडे वळतो, कारण तिथे या सवयीची किंमत सार्वजनिक चर्चेला मोजावी लागते. २३ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्र्यांनी समभागांवरील दीर्घकालीन भांडवली लाभकर १० वरून १२.५ टक्के आणि अल्पकालीन १५ वरून २० टक्के केला. वायदे-विकल्पांवरील व्यवहार करही वाढवला. या घोषणांच्या सुमारास सेन्सेक्स बाराशेहून अधिक अंशांनी गडगडला. त्या अर्ध्या तासापुरते कारण सांगणे पूर्णपणे योग्य होते: घोषणा अनपेक्षित होती, ती थेट समभागांच्या उत्पन्नावर होती, आणि घसरण तिच्या पाठोपाठ आली. पण दिवसाअखेर सेन्सेक्स केवळ ७३ अंशांनी खाली होता, म्हणजे एका टक्क्याच्या दहाव्या भागाएवढाही नाही. मग बाजाराने अर्थसंकल्प नाकारला की स्वीकारला? बंद भावाच्या आधारे दोन्ही मथळे करता येतील आणि दोन्ही पोकळ असतील. खरी माहिती दोन आकड्यांच्या मध्ये होती: करवाढ ऐकताच भाव पडले, आणि बंद होईपर्यंत घसरण जवळपास सगळी भरून निघाली. भांडवली लाभावर श्रमाच्या उत्पन्नापेक्षा कमी कर असावा की नाही, हा धोरणाचा गंभीर प्रश्न आहे. त्याचा निवाडा ७३ अंशांवर सोपवणे हे धोरणावरही अन्याय करणारे आहे आणि बाजारावरही.

कारण न सापडण्याचा अनुभव काही आपल्यापुरता नाही. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी त्याच आठवड्यात गुंतवणूकदारांना प्रश्नावल्या पाठवून, तुम्ही तेव्हा कशाचा विचार करत होता, असे विचारले. सुमारे नऊशे जणांनी उत्तरे दिली. कोणतीही एक बातमी त्यातून कारण म्हणून वर आली नाही. लोकांना सर्वाधिक महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे स्वतः भावांची घसरण. भाव पडत होते म्हणून लोक विकत होते. एवढ्या मोठ्या पडझडीला बाहेरचे एक कारण सापडत नसेल, तर पाव टक्क्याच्या घसरणीला ते रोज सापडावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

मग वृत्तांत लिहायचा कसा? माझ्या मते तो तीन थरांत लिहावा आणि थरांची सरमिसळ होऊ देऊ नये. पहिला थर मोजलेल्या गोष्टींचा: किती टक्के बदल, नेहमीच्या हालचालीच्या तुलनेत तो किती, किती समभाग वर आणि किती खाली. दुसरा थर हिशेबाचा: कोणत्या कंपन्यांनी निर्देशांक किती अंश हलवला. तिसरा थर मतांचा: कोण काय म्हणाले, त्यांच्या नावानिशी, आणि ते म्हणणे वेळेशी व समभागांच्या नकाशाशी जुळते की नाही, या नोंदीसह. तिसरा थर रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवावा.

१७ एप्रिलचा वृत्तांत या रीतीने साधारण असा झाला असता: ‘सेन्सेक्स सोमवारी ०.८६ टक्क्यांनी घसरून ५९,९१०.७५ वर बंद झाला. ही घसरण सध्याच्या नेहमीच्या दैनंदिन हालचालीहून थोडी अधिक आहे. निर्देशांकाने गमावलेल्या ५२० अंशांपैकी चारशेहून अधिक अंश एकट्या इन्फोसिसचे आहेत. गुरुवारी संध्याकाळी जाहीर झालेल्या निकालांनंतर या समभागात आज पहिल्यांदाच व्यवहार झाले. सकाळी सुमारे १५ टक्के घसरलेला समभाग बंद होताना ९ टक्क्यांनी खाली होता. बँक निर्देशांक किंचित वर बंद झाला.’ यात एकदाही ‘मुळे’ नाही, तरीही वाचकाला काय घडले ते नेहमीच्या बातमीपेक्षा अधिक कळते. माझ्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आहे.

यावर संपादकांचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. वाचकाला कारण हवे असते, कारणाविना बातमी म्हणजे आकड्यांची यादी, असे ते म्हणतात. पण कारणाची भूक भागवण्याचे नेहमीचे दोन्ही मार्ग सदोष आहेत. एकच कारण ठोकून देणे हा पहिला. दुसरा अधिक सावध दिसतो: तेल, रुपया, अमेरिकी व्याजदर, युद्ध, नफावसुली अशी पाच कारणे एका दमात मांडायची, म्हणजे कोणते तरी खरे ठरेल. ही कारणांची भेळ एका कारणाहून अधिक प्रामाणिक नाही, कारण तिच्यातही कोणत्या घटकाचा वाटा किती हे कोणी तपासलेले नसते. ‘मुळे’ टाळून ‘च्या पार्श्वभूमीवर’ लिहिणे ही तर नुसती वेशांतराची युक्ती आहे. वाचक तिचा अर्थ ‘मुळे’ असाच लावतो, आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. ‘नंतर’ हा शब्दही तितकाच निसरडा आहे. तो वापरायचा तर घड्याळाची वेळ द्यावी, म्हणजे क्रम खरोखर तसा होता की नाही ते वाचकाला दिसेल.

आणखी एक आक्षेप असा घेतला जाईल की, कारण सांगितले नाही तर बाजारातील गैरप्रकारही झाकले जातील. मला उलटेच वाटते. एखादा लहान समभाग कोणतीही बातमी नसताना सलग काही दिवस वरच्या मर्यादेला जाऊन थांबत असेल, तर ‘गुंतवणूकदारांचा वाढता विश्वास’ असे कारण जोडून आपण त्याला प्रतिष्ठा देतो. त्याऐवजी ‘या वाढीमागे कंपनीने जाहीर केलेली कोणतीही माहिती नाही’ एवढे एक वाक्य छापले, तर ते वाचकासाठी इशारा ठरते आणि नियामकासाठी प्रश्न. कारण नसल्याची नोंद हीसुद्धा माहिती आहे, पण ज्या वृत्तांतात रोज कारण असते, त्यात ती नोंद कधी करताच येत नाही.

वर्षातील बहुतेक दिवशी निर्देशांक त्याच्या नेहमीच्या पट्टीतच वर-खाली होत असतो. त्या दिवशी ‘आजच्या बदलामागे ठळक कारण दिसत नाही’ असे एक वाक्य छापण्याची मुभा वृत्तसंपादकांनी वार्ताहराला द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही. आणि मग ४ जूनसारखा दिवस उगवेल तेव्हा त्याच वार्ताहराने लिहिलेल्या ‘मुळे’ला वजन असेल, कारण आधीच्या शंभर दिवसांत त्याने ते वापरलेले नसेल.